विषय: गिअरबॉक्सच्या टर्निंग केलेल्या तीन भागांसाठी दरपत्रक पाठवण्याबाबत (चौकशी क्र. खरेदी/११८/२०२६)

दिनांक: ९ जून २०२६
सोबत: तीन ड्रॉइंग (जीबी-२०४-०१ आवृत्ती ३, जीबी-२०४-०२ आवृत्ती १, जीबी-२०४-०३ आवृत्ती १)

श्री. पाटील साहेब यांस,
स. न. वि. वि.

आमच्या चाकण येथील कारखान्यात कन्व्हेयरसाठी लागणाऱ्या लहान हेलिकल गिअरबॉक्सचे उत्पादन सप्टेंबरपासून वाढणार असून, त्यातील आउटपुट शाफ्ट, आयडलर बुश आणि स्पेसर हे तीन भाग बाहेरून तयार करून घ्यायचे ठरले आहे. आपल्या भोसरी येथील कारखान्याला आमच्या गुणवत्ता विभागाने गेल्या महिन्यात भेट दिली, तेव्हा सीएनसी टर्निंग आणि सिलिंड्रिकल ग्राइंडिंग एकाच छताखाली होत असल्याचे त्यांनी नोंदवले होते. शाफ्टच्या कामात हीच गोष्ट आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते, म्हणून ही चौकशी आपल्याकडे पाठवत आहे.

शाफ्टची वार्षिक गरज १,२०० नग आहे. बुश आणि स्पेसर प्रत्येकी २,४०० नग लागतील. माल दरमहा समान लॉटमध्ये घेतला जाईल, म्हणजे महिन्याला १०० शाफ्ट, २०० बुश आणि २०० स्पेसर. कृपया दर याच लॉटला धरून द्यावा. पूर्ण वर्षाचा कच्चा माल एकदम घेतल्यास दरात फरक पडणार असेल, तर तो वेगळा दाखवावा.

शाफ्टसाठी मटेरियल ईएन १९, टी कंडिशनमधील ३५ मिमी व्यासाचा गोल बार हवा. बारची कठिणता २४८ ते ३०२ बीएचएन असावी. गाभ्याची ताकद या कंडिशनमधूनच मिळणार असल्याने अ‍ॅनील केलेला बार चालणार नाही, आणि ईएन ८ चा पर्यायही या भागासाठी देऊ नये. शाफ्टची एकूण लांबी १८६ मिमी (± ०.२) असून मधल्या कॉलरचा व्यास ३२ मिमी आहे. कॉलरच्या दोन्ही बाजूंना ६२०५ बेअरिंग बसते, त्या दोन्ही सीटचा व्यास २५ मिमी, के ६, म्हणजे कमीत कमी २५.००२ आणि जास्तीत जास्त २५.०१५ मिमी इतकाच असावा. आउटपुटच्या टोकाला २२ मिमी व्यासालाही हीच + ०.००२ ते + ०.०१५ ची मर्यादा आहे आणि तेथे ६ मिमी रुंदीचा कीवे पी ९ मध्ये, म्हणजे ५.९५८ ते ५.९८८ मिमी, काढायचा आहे. दोन्ही बेअरिंग सीट संदर्भ धरून २२ मिमीच्या टोकाचा रनआउट ०.०२ मिमीपेक्षा जास्त नसावा. सीटवरील पृष्ठभाग आरए ०.८ किंवा त्याहून चांगला हवा.

ऑइल सील बसणाऱ्या २४ मिमी व्यासाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गळतीचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते. व्यासाची मर्यादा एच ११, म्हणजे २३.८७० ते २४.००० मिमी, इतकी मोकळी आहे, आणि त्यामुळेच या भागाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. येथे माप सैल असले तरी पृष्ठभाग सैल चालत नाही. इंडक्शन हार्डनिंगनंतर कठिणता ५० ते ५५ एचआरसी असावी, ग्राइंडिंगनंतर उरलेली कठीण थराची खोली १.० ते १.५ मिमी असावी आणि आरए ०.२ ते ०.८ च्या दरम्यान असावा. अंतिम ग्राइंडिंग प्लंज पद्धतीनेच करावे. चाक आडवे सरकवून ग्राइंडिंग केल्यास मळसूत्रासारख्या बारीक खुणा राहतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण शाफ्ट फिरू लागला की त्या सीलच्या लिपखालून तेल बाहेर ढकलतात. दोन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराच्या लॉटमध्ये व्यास, कठिणता आणि आरए हे सर्व मर्यादेत असूनही गिअरबॉक्स गळले, ते याच कारणाने. म्हणून आपल्या दरपत्रकात हे ग्राइंडिंग कोणत्या मशीनवर आणि कोणत्या पद्धतीने होणार, हे स्पष्ट लिहावे. दोन्ही टोकांचे ६० अंशांचे सेंटर तयार भागावर तसेच ठेवावेत आणि हार्डनिंगनंतर ग्राइंडिंगपूर्वी स्वच्छ करावेत; आमची आवक तपासणीही त्याच सेंटरवर होते.

बुशसाठी एलजी २ गनमेटल हवे. बाहेरचा व्यास २८ मिमी, पी ६, म्हणजे २८.०२२ ते २८.०३५ मिमी. बुश गिअरमध्ये दाबून बसवल्यावर आतला व्यास आकसतो, म्हणून बोर १९.८० मिमी (± ०.०५) ठेवून द्यावा, अंतिम २० मिमीचे रीमिंग आम्ही करून घेऊ. आतल्या आणि बाहेरच्या व्यासांची समकेंद्रता ०.०३ मिमीच्या आत असावी. ओतकामाची सच्छिद्रता असलेले नग स्वीकारले जाणार नाहीत.

स्पेसर एसएस ३०४ चा आहे: बाहेरचा व्यास ३१ मिमी, बोर २५.०५ ते २५.१० मिमी, लांबी १२ मिमी (± ०.०२). दोन्ही बाजू एकमेकींना ०.०१ मिमीच्या आत समांतर असाव्यात आणि कडांवर बर नसावा.

एक विनंती मोजमापाविषयी आहे. मापे २० अंश सेल्सिअसला धरलेली आहेत. बेअरिंग सीटची पूर्ण मर्यादाच १३ मायक्रॉन आहे आणि ३५ अंशांवर असलेला २५ मिमीचा शाफ्ट सुमारे ४ मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश मर्यादा उष्णतेतच जाते. त्यामुळे मशीनवरून काढलेला गरम जॉब लगेच न मोजता, भाग आणि मास्टर एकाच तापमानाला आल्यावरच अंतिम नोंद घ्यावी. सीट मोजण्यासाठी ०.००१ मिमी लघुतम मापाचे उपकरण वापरावे.

प्रत्येक लॉटसोबत कच्च्या मालाचे ईएन १०२०४ नुसार ३.१ प्रकारचे प्रमाणपत्र, हार्डनिंगचा अहवाल आणि मापांचा तपासणी अहवाल लागेल. हीट क्रमांक बारपासून तयार भागापर्यंत शोधता आला पाहिजे. नियमित पुरवठ्यापूर्वी प्रत्येक भागाचे ५ नमुने पूर्ण मापांच्या अहवालासह द्यावेत. त्यांना लेखी मंजुरी मिळाल्याशिवाय लॉट सुरू करू नये. पॅकिंगमध्ये शाफ्ट एकमेकांना घासू नयेत यासाठी प्रत्येक नगावर गंजरोधक तेल आणि प्लास्टिकची जाळी असावी.

दरपत्रकात कच्चा माल, टर्निंग, कीवे, हार्डनिंग, ग्राइंडिंग, पॅकिंग आणि चाकणपर्यंतची वाहतूक यांचे दर वेगवेगळे दाखवावेत. हार्डनिंग बाहेर करून घेणार असाल, तर तसे नमूद करावे. एकरकमी दर आल्यास पुढे पोलादाचा भाव बदलल्यावर दोघांचीही अडचण होते. गेज किंवा फिक्श्चरचा एकवेळचा खर्च, एचएसएन कोड, जीएसटी, नमुन्यांना आणि त्यानंतरच्या लॉटला लागणारा कालावधी आणि दराची वैधता (किमान ९० दिवस) हेही कळवावे. आपली उद्यम नोंदणी असल्यास प्रमाणपत्राची प्रत जोडावी. माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याची आमची पद्धत आहे.

ड्रॉइंगमधील एखादी मर्यादा आपल्या यंत्रांवर सातत्याने पाळणे अवघड वाटत असेल, तर दर वाढवून धरण्याऐवजी ती बाब आधी लिहून कळवावी. बेअरिंग आणि सीलच्या जागा सोडून इतर ठिकाणी काही शिथिलता देता येईल का, हे मी डिझाइन विभागाशी बोलून सांगेन. असे प्रश्न १५ जूनपर्यंत आणि दरपत्रक २२ जून २०२६ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवावे. ड्रॉइंग गोपनीय असून हार्डनिंगसाठी बाहेर द्यायची असल्यास कृपया आमची परवानगी घ्यावी.

कळावे,

आपला विश्वासू,
सुहास देशमुख
खरेदी अभियंता, यांत्रिक सुटे भाग
चाकण कारखाना, जि. पुणे