विषय: मुलाला शाळेत दुखापत झाल्याने आज दुपारी लवकर निघण्याची परवानगी मिळणेबाबत

आदरणीय जोशी सर,

सादर नमस्कार.

आपण लेखापरीक्षकांबरोबर बैठकीत असल्याने आत येऊन व्यत्यय आणण्याऐवजी ही मेल पाठवत आहे. आज दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी माझ्या मुलाच्या, अथर्वच्या, कोथरूडच्या शाळेतून वर्गशिक्षिकांचा फोन आला. मधल्या सुट्टीत जिन्यावरून पाय घसरून तो पडला असून त्याचे उजवे मनगट बरेच सुजले आहे आणि बोटे हलवतानाही त्याला वेदना होत आहेत. शाळेत बर्फ लावून हात झोळीत बांधला आहे, मात्र एक्स-रे लगेच काढून घ्यावा, असे त्यांनी सुचवले आहे. घाबरण्याचे कारण नाही, असे बाई म्हणाल्या खऱ्या, पण मागून त्याचे रडणे मला ऐकू येत होते.

शाळा पालकांखेरीज कोणाच्याही ताब्यात मूल देत नाही. माझे पती कामानिमित्त नाशिकला आहेत. ते लगेच निघाले तरी संध्याकाळपूर्वी पोहोचणार नाहीत, आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे रिक्षातही एकटीने चढता-उतरता येत नाही. त्यामुळे मलाच जाणे भाग आहे. भोसरीहून विद्यापीठ चौकातली गर्दी पार करून दुचाकीने कोथरूड गाठायला एक तास तरी लागेल, म्हणून मला १ वाजता निघण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. उरलेला वेळ माझ्या किरकोळ रजेतील अर्धा दिवस म्हणून धरावा.

आज १८ तारीख आहे आणि २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी भरायचे आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बीशी ताडून झाल्या आहेत. केवळ तीन पुरवठादारांच्या बिलांत तफावत असून त्यांची यादी व संबंधित बिले मी सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आहेत. त्यापैकी दोघांशी सकाळीच बोलणे झाले आहे. तिसऱ्यांना दुपारी ४ वाजता फोन करण्याचे स्नेहाताईंनी मान्य केले आहे. लेखापरीक्षकांनी मागितलेले बँक ताळमेळाचे कागद आपल्या टेबलावरील निळ्या फाइलमध्ये आहेत. दवाखान्यात माझा फोन चालू राहील, फक्त एक्स-रेच्या वेळी कदाचित उचलता येणार नाही.

मनगटाचे हाड मोडले आहे की नुसता मुका मार आहे, हे कळल्यावर उद्याच्या हजेरीबद्दल आज संध्याकाळी ७ वाजेपर्यंत आपल्याला कळवीन. उद्या येणे जमलेच नाही, तर विवरणपत्राचे उरलेले काम मी घरून पूर्ण करीन.

गेट पासवर आपली सही असल्याशिवाय सुरक्षारक्षक बाहेर सोडत नाहीत. पास भरून शिपाईमामांकडे दिला आहे. ते बैठकीच्या खोलीबाहेर थांबले आहेत. कृपया त्यावर सही करून द्यावी.

आपली विश्वासू,
मनीषा
लेखा विभाग