विषय: शिफारसपत्राची आठवण (पहिली मुदत सोमवार, १५ डिसेंबर)

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

ऑक्टोबरमध्ये विभागात भेटायला आले होते, तेव्हा अमेरिकेतल्या पीएचडी प्रवेशासाठी शिफारसपत्र द्यायचं तुम्ही आनंदाने कबूल केलं होतं. "लिंक येऊ दे, लिहून टाकते," असं म्हणाला होतात. त्याबद्दलच लिहितेय. सत्र परीक्षा, पेपर तपासणी आणि एमएस्सीच्या मुलांचे प्रबंध हे सगळं याच दिवसांत तुमच्यावर येऊन पडतं, ते दोन वर्षं जवळून पाहिलंय. त्यामुळे घाई करायला संकोच वाटतो, पण तारीख जवळ आली आहे.

तीनपैकी दोन विद्यापीठांची मुदत १५ डिसेंबरला संपते, तिसऱ्याची ५ जानेवारीला. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. तरीही त्या शेवटच्या रात्रीवर विसंबायला नको असं वाटतं, कारण पोर्टल नेमकं तेव्हाच अडकतं. शुक्रवार, १२ तारखेपर्यंत पत्र चढलं तर मी निर्धास्त होईन.

एक शंका आहे. विद्यापीठं शिफारस करणाऱ्यांचा संस्थेचाच ईमेल मागतात, जीमेल दिला तर पडताळणीत वेळ जातो. म्हणून अर्जात तुमचा विभागाचा पत्ता दिला आहे. लिंकची मेल माझ्याकडून न येता थेट पोर्टलकडून येते, त्यामुळे ती स्पॅममध्ये गेली असण्याची बरीच शक्यता आहे. त्या खात्यात Recommendation हा शब्द शोधलात तर सापडेल. आज सकाळी तिन्ही पोर्टलवरून स्मरणाची मेल पुन्हा पाठवली आहे. प्रत्येक लिंक वेगळी आहे, पण पत्र एकच चालेल, फक्त विद्यापीठाचं नाव बदलावं लागेल. विभागाच्या लेटरहेडवर, सहीसह, पीडीएफ. त्याआधी एक छोटा फॉर्म येतो, त्यात विद्यार्थ्याला वर्गाच्या तुलनेत कुठे ठेवाल अशा चार-पाच खुणा करायच्या असतात. पत्र वाचण्याचा माझा हक्क मी अर्जातच सोडला आहे, तेव्हा तुम्ही मोकळेपणाने लिहा.

लिहिताना संदर्भ हाताशी असावेत म्हणून बायोडेटा, उद्देशपत्राचा मसुदा आणि प्रबंधाचा सारांश सोबत जोडलाय. मार्क आणि ग्रेड त्यांना गुणपत्रिकेत दिसतीलच. माझ्या कामाबद्दल मात्र तुमच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. आंबेनळी घाटात दोन लाव्हा प्रवाहांमधल्या त्या तांबड्या थराचे नमुने घेताना, वरचा भाजून कडक झालेला भाग आणि खालची मऊ माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरायला तुम्ही लावलं होतंत. पुढे एक्सआरडीवर १४ अँगस्ट्रॉमचं शिखर आलं आणि क्लोराइट की स्मेक्टाइट हे ठरेना. "ग्लायकॉल करून परत लाव," म्हणालात. शिखर १७ वर सरकलं आणि स्मेक्टाइट पक्कं झालं. नमुन्यांची ती तयारी आणि नंतरचं सगळं वाचन मी एकटीने केलं होतं. पीएचडीसाठीही लाव्हा प्रवाहांमधल्या जुन्या मातीवरच काम करायचा विचार आहे, तेव्हा योग्य वाटलं तर एवढा प्रसंग पत्रात यावा अशी इच्छा आहे. बाकी तुम्हाला जे सांगावंसं वाटेल ते.

आणखी एक, मॅडम. या दिवसांत वेळ काढणं खरंच कठीण असेल तर नि:संकोच सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही. खनिजशास्त्राच्या सरांना मी विचारू शकते, पोर्टलवर नाव बदलताही येतं. फक्त त्यांनाही लिहायला आठवडाभर हवा, म्हणून होय असो वा नाही, येत्या शनिवारपर्यंत एका ओळीचं उत्तर मिळालं तर फार बरं होईल. मेलच लिहायला हवी असं नाही, व्हॉट्सॲपवर एक शब्दही पुरेल.

शनिवारी, ६ तारखेला, मी नाशिकहून पुण्यात येतेय. सकाळी अकराच्या सुमारास तुम्ही विभागात असाल तर लॅपटॉप घेऊन येते, अपलोडचं जे काही असेल ते तिथेच बसून उरकता येईल. तुम्ही सुट्टीवर असाल किंवा गडबडीत असाल तर येत नाही, तसं कळवा.

तुमची विद्यार्थिनी,
मृण्मयी
एमएस्सी भूशास्त्र, २०२२–२४ची तुकडी

सोबत: बायोडेटा, उद्देशपत्राचा मसुदा, प्रबंधाचा सारांश, तिन्ही विद्यापीठांची नावं व मुदती (एका पानावर)