प्रोजेक्ट मॅनेजर पदाची मुलाखत : दुसरी फेरी

(पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी. समोर डिलिव्हरी हेड आणि एचआर मॅनेजर. उमेदवाराने सहकारी साखर कारखान्याचं ऊस नोंद ते ऊस बिल हे काम सांभाळलेलं आहे.)

डिलिव्हरी हेड : रेझ्युमे वाचलाय, त्यामुळे ओळख राहू द्या. कारखान्याच्या प्रोजेक्टचा स्कोप काय होता ते सांगा.

उमेदवार : करारात चार गोष्टी होत्या सर. ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा आणि ऊस बिल. मी जुलैत आले तेव्हा त्या सात झालेल्या. डिझेल पंपाचा हिशेब, शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप आणि सभासदांची सवलतीची साखर.

डिलिव्हरी हेड : वाढल्या कशा?

उमेदवार : चहा पिता पिता. "एवढं करताय तर पंपाचं पण घ्या की," असं कुणी म्हणायचं आणि आमचा माणूस "बघतो" म्हणायचा. तिकडे "बघतो" म्हणजे होकारच.

डिलिव्हरी हेड : मग तुम्ही नाही म्हणालात?

उमेदवार : नुसतं नाही म्हणून भागत नाही. मी एक पानी चेंज रिक्वेस्ट सुरू केली. काय हवंय, किती दिवस लागतील आणि त्यापायी करारातलं कोणतं काम मागे जाईल. सही कार्यकारी संचालकांची. ॲपच्या पानावर "वजनकाट्याची चाचणी 18 दिवस मागे" असं लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि ॲप पुढच्या हंगामावर टाकलं. साखरेच्या मागणीचं पान तर कुणी भरायलाच आलं नाही.

डिलिव्हरी हेड : रिस्क रजिस्टर ठेवायचात?

उमेदवार : होतंच, चाळीसेक ओळींचं. सोमवारच्या बैठकीत मात्र वरच्या पाचच. प्रत्येकीपुढे एका माणसाचं नाव, तारीख, आणि काय दिसलं की हालचाल करायची ते. "टीम" हे नाव मी मालकाच्या रकान्यात चालू देत नाही.

डिलिव्हरी हेड : पहिल्या पाचातली एक सांगा. जरा खोलात.

उमेदवार : काट्यावरचं नेट. गाळप रात्रंदिवस चालतं. रात्री दोनला लिंक गेली आणि वजन अडलं तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग बघता बघता गेटबाहेर रस्त्यावर येते. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, आणि ते नुकसान शेतकऱ्याचं. म्हणून वजन आधी काट्यावरच्या संगणकात साठवायचं आणि लिंक आली की सर्व्हरला पाठवायचं, असं ठरलं. त्यात एक मेख होती. कारखान्याला तीन काटे. तिन्ही काटे ऑफलाइन असताना एकच पावती नंबर दोन गाड्यांना गेला तर बिलात गोंधळ. मग प्रत्येक काट्याला नंबरांची वेगळी मालिका दिली. भरगाडीचं वजन एका काट्यावर आणि रिकाम्या गाडीचं दुसऱ्या काट्यावर, हा प्रकार ऑफलाइनमध्ये बंद केला.

डिलिव्हरी हेड : हे कागदावर झालं.

उमेदवार : सप्टेंबरमध्ये आम्ही मुद्दाम केबल काढली. रात्रपाळीच्या काटा क्लार्कला आधी सांगितलं नव्हतं. त्याने सरळ पावतीपुस्तक काढून हाताने लिहायला घेतलं. सिस्टीम ऑफलाइन चालते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिन्ही पाळ्यांचं प्रशिक्षण.

एचआर : दोन विभागांचं पटत नाही, असं कधी झालं?

उमेदवार : शेतकी अधिकारी आणि चीफ अकाउंटंट, मॅडम. शेतकी विभागाला ऊस नोंद शेवटपर्यंत बदलता यायला हवी होती. आडसाली ऊस वर्षभराहून जास्त रानात असतो, तेवढ्यात वाटण्या होतात, भावाचं क्षेत्र बायकोच्या नावावर येतं. अकाउंट्सला नोंद ऑगस्टमध्येच लॉक हवी होती, कारण नाव बदललं की सोसायटीची कर्जकपात चुकीच्या खात्यातून होते. शिवाय एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, कायद्याने ऊस आल्यापासून 14 दिवसांत द्यायची, नाहीतर 15 टक्के दराने व्याज. दोघांचंही खरं होतं. दोघं दोन महिने आमच्याच माणसांमार्फत भांडत होते.

एचआर : मग?

उमेदवार : आधी दोघांना वेगवेगळी भेटले. मग मागच्या हंगामातली वादाची बिलं टेबलावर पसरली आणि दोघांना शेजारी बसवलं. बहुतेक घोळ तोडणी चिठ्ठी निघाल्यानंतर झालेल्या बदलांचे निघाले. म्हणून चिठ्ठी निघेपर्यंत शेतकी विभाग नोंद बदलेल, नंतर दोघांच्या मंजुरीशिवाय नाही, असा प्रस्ताव मी मांडला. निर्णय कार्यकारी संचालकांनी दिला, त्याच दिवशी लेखी.

एचआर : दोघं खूश झाले?

उमेदवार : शेतकीसाहेब नाही झाले. आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. पण आदेश निघाल्यावर गावोगाव ऊस नोंदवणाऱ्या चिटबॉयची बैठक त्यांनी स्वतः घेतली. मला तेवढं पुरलं.

डिलिव्हरी हेड : आता उशीर. जुलैत कुठे होतात?

उमेदवार : प्लॅनप्रमाणे 60 टक्के व्हायला हवं होतं. रिपोर्ट सगळा हिरवा. मी एकच नियम लावला : वापरणाऱ्याने तपासून सही केलेलं काम पूर्ण, बाकी शून्य. मग आकडा आला 42. म्हणजे एसपीआय, झालेलं काम भागिले ठरलेलं काम, 0.7.

डिलिव्हरी हेड : तारीख पुढे मागितलीत?

उमेदवार : मोळी पडून गाळप सुरू व्हायचं ते होणारच, सर. ऊस आमच्यासाठी थांबत नाही. मी उलटं मोजलं. कोणती गोष्ट नेमकी कधी लागते? वजन पहिल्या दिवशी लागतं. बिल मात्र चौदाव्या दिवसापर्यंत. तोडणी-वाहतुकीचं बिल पंधरवडा संपल्यावर. प्लॅनमध्ये या सगळ्यांना एकच तारीख, 15 ऑक्टोबर. ती तोडली तेव्हा श्वास घ्यायला जागा मिळाली. सगळी माणसं आधी काट्यावर लावली.

डिलिव्हरी हेड : माणसं वाढवून मागितली असतील.

उमेदवार : कंपनी चार प्रोग्रामर देत होती. मी एक टेस्टर घेतला. नव्या चौघांना कपातीचे नियम समजावणार कोण? ज्यांचं काम अडलंय तेच. रविवारची कामंही बंद केली, कारण सोमवारी निघणाऱ्या चुका बहुतेक रविवारच्याच असायच्या.

डिलिव्हरी हेड : शेवटी वेळेत झालं म्हणायचं का?

उमेदवार : पूर्ण प्रोजेक्ट नाही, तो जानेवारीत संपला. पहिल्या गाडीचं वजन नव्या सिस्टीमवर झालं. आठ दिवस हातपावत्या बरोबरीने चालू ठेवल्या. पहिलं ऊस बिल तेराव्या दिवशी निघालं. वाहतुकीचं पहिलं बिल जुन्या सॉफ्टवेअरवर काढावं लागलं, आणि ते तसं निघेल हे कारखान्याला सप्टेंबरमध्येच लेखी कळवलं होतं.

डिलिव्हरी हेड : तुम्हाला काही विचारायचंय?

उमेदवार : ज्या प्रोजेक्टसाठी माणूस शोधताय, तो आत्ता किती मागे आहे?

डिलिव्हरी हेड : रिपोर्टप्रमाणे तीन आठवडे.

उमेदवार : आणि तुमच्या मते?

डिलिव्हरी हेड : (थोडं थांबून) दोन महिने.

उमेदवार : तारीख कुणी कबूल केलीय? आणि ग्राहकाकडे स्कोप कमी करायच्या कागदावर सही कोण करू शकतं?

डिलिव्हरी हेड : तारीख सेल्सने. सही करणारं तिकडे सध्या कुणी ठरलेलं नाही.

उमेदवार : मग रुजू व्हायच्या आधी ते नाव ठरवून घ्या, सर. नाहीतर पहिला महिना माझा त्यातच जाईल.

एचआर : नोटीस पिरियड?

उमेदवार : 60 दिवस. 45 पर्यंत आणता येईल, त्याखाली नाही. हातातलं काम नीट सोपवायचंय.