भरीव शंकूचा गुरुत्वमध्य: पायापासून पाव उंचीवर

गवंड्याच्या हातातला पितळी ओळंबा घ्या. तो 8 सेमी उंचीचा नेमका भरीव शंकू आहे असं धरू: सपाट बाजू वर, टोक खाली, दोरी सपाट बाजूच्या मधोमध. त्याचं सगळं वजन जणू एका बिंदूत एकवटलंय असं मानलं, तर तो बिंदू कुठे असेल? अर्ध्यावर, 4 सेमीला? नाही. जास्त पितळ सपाट बाजूकडे आहे, म्हणून बिंदू तिकडे सरकणार. नेमका किती सरकतो, हे संकलनाने काढू.

शंकूची उंची h, पायाची त्रिज्या R, आणि घनता सगळीकडे सारखी. शंकू अक्षाभोवती सममित आहे, म्हणून गुरुत्वमध्य अक्षावरच असणार. काढायचं आहे ते फक्त एक अंतर.

अंतर x शिरोबिंदूपासून मोजू. उत्तर पायापासून हवं असलं तरी सुरुवात टोकापासून केली की आकडेमोड निम्मी होते. टोकापासून x अंतरावर पायाला समांतर अशी dx जाडीची एक पातळ चकती कापा. तिची त्रिज्या r म्हणू. शंकूचा उभा छेद घेतला की दोन समरूप त्रिकोण दिसतात, आणि त्यावरून

r / x = R / h, म्हणजे r = Rx / h

चकतीचं घनफळ:

dV = πr² dx = (πR²/h²) x² dx

सगळा खेळ या x² मध्ये आहे. टोकापासून दुप्पट अंतरावरची चकती चौपट वजनाची, तिप्पट अंतरावरची नऊपट.

घनता सारखी असल्याने ती अंशात आणि छेदात येऊन कटते. म्हणून गुरुत्वमध्याचं टोकापासूनचं अंतर X म्हटलं, तर

X = ∫ x dV / ∫ dV (सीमा 0 ते h)

आधी छेद:

∫ dV = (πR²/h²) · h³/3 = πR²h/3

हे शंकूच्या घनफळाचं शाळेपासून पाठ असलेलं सूत्र. इथे ते आलं नाही, तर पुढे न जाता मागे फिरून चूक शोधावी. आता अंश:

∫ x dV = (πR²/h²) ∫ x³ dx = (πR²/h²) · h⁴/4 = πR²h²/4

भागाकार केला की

X = (πR²h²/4) ÷ (πR²h/3) = 3h/4

हे अंतर टोकापासूनचं आहे. वहीत 3h/4 लिहून पेन खाली ठेवणारे दर वर्षी भेटतात. पायापासूनचं अंतर h − 3h/4 = h/4. उत्तरात R कुठेच उरत नाही. शंकू बारीक असो वा पसरट, पाव उंची ती पाव उंचीच. आपल्या ओळंब्यात हा बिंदू सपाट बाजूच्या 2 सेमी खाली.

पडताळा हवा असेल तर y पायापासून मोजा. तिथली त्रिज्या R(1 − y/h). आता

∫ y(1 − y/h)² dy = h²/12 आणि ∫ (1 − y/h)² dy = h/3

भागाकार पुन्हा h/4. कंस सोडवायला लागतो, एवढाच जास्तीचा त्रास.

आता एक गैरसमज. गुरुत्वमध्यातून पायाला समांतर कापलं तर शंकूचे दोन सारखे भाग होतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. करून बघा. टोकाकडचा छोटा शंकू मूळ शंकूशी समरूप, त्याची उंची 3h/4, म्हणून त्याचं घनफळ मूळच्या (3/4)³ = 27/64 पट, म्हणजे जेमतेम 42 टक्के. पायाकडे उरतं 58 टक्के. टोकाकडचा भाग हलका असूनही तोल साधतो, कारण त्याचं पितळ छेदापासून सरासरीने जास्त दूर आहे. वजनकाट्याच्या दांडीवर हलकं माप लांब सरकवतात, तसंच. गुरुत्वमध्य वजनाचे समान वाटे करत नाही, वजन गुणिले अंतर यांचा हिशेब जुळवतो.

हे उत्तर संकलनापेक्षा फार जुनं आहे. शंकूचा गुरुत्वमध्य अक्षाचे असे दोन भाग करतो की टोकाकडचा भाग उरलेल्याच्या तिप्पट असतो, हे आर्किमिडीजला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ठाऊक होतं.

पत्र्याच्या पोकळ शंकूला मात्र हे उत्तर लावू नका. बिनतळाच्या शंकूच्या पत्र्यातून कापलेल्या पट्टीचं क्षेत्रफळ x² च्या नाही, x च्या प्रमाणात वाढतं. वरच्या दोन्ही संकलनांत घात एकने कमी करा: अंशात h³/3, छेदात h²/2, म्हणून X = 2h/3, आणि पायापासून h/3. त्रिकोणाच्या मध्यगा एकमेकींना जिथे छेदतात, तिथेही पायापासून हीच तिसरा हिस्सा उंची मिळते, कारण त्रिकोणाची रुंदीही x च्याच प्रमाणात वाढते.