रेणू वाकतो तेव्हा

कोरड्या हवेचा 99.9 टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन या तीनच वायूंनी व्यापलेला आहे. तापलेल्या जमिनीतून आणि समुद्रातून अवकाशाकडे निघालेले अवरक्त किरण मात्र या तिघांमधून जवळजवळ बिनधोक पार होतात. त्यांना अडवतात ते उरलेल्या चिमूटभर वायूंपैकी काही. त्यांतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख रेणूंमागे जेमतेम 420 च्या आसपास आहे. बहुसंख्य निष्क्रिय आणि मूठभर परिणामकारक, हे कसे?

जॉन टिंडल यांनी 1859 पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हा फरक मोजला. लांब नळीत वायू भरायचा, एका टोकाकडून उष्णताकिरण सोडायचे आणि दुसऱ्या टोकाला किती पोचतात ते पाहायचे. नळीची तोंडे त्यांनी काचेने नव्हे तर सैंधवाच्या चकत्यांनी बंद केली, कारण काच स्वतःच हे किरण गिळते. ऑक्सिजन आणि नायट्रोजन पारदर्शक निघाले. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तसे नव्हते. त्यामागचे कारण सांगायला रेणूची रचना आणि पुंजयामिकी यांची वाट पाहावी लागली.

प्रकाश म्हणजे वेगाने दिशा बदलणारे विद्युतक्षेत्र. 15 मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरीत ते सेकंदाला सुमारे 20 लाख कोटी आवर्तने करते. असे क्षेत्र रेणूवरून गेले की धन प्रभाराला एकीकडे आणि ऋण प्रभाराला विरुद्ध बाजूला ओढते. रेणूतले अणूही स्थिर नसतात. बंध ताणले जातात, आखडतात, त्यांच्यातले कोन उघडतात आणि मिटतात. या कंपनांच्या वारंवारिता नेमक्या अवरक्त पट्ट्यात येतात. पण वारंवारिता जुळणे पुरेसे नाही. कंपन होताना रेणूतल्या प्रभारांची विभागणी, म्हणजे द्विध्रुव परिबल किंवा डायपोल मोमेंट, बदलली तरच लहरीला त्या कंपनात ऊर्जा ओतता येते. नायट्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू सारखेच असतात. बंध कितीही ताणा, प्रभार कोणत्याच टोकाकडे झुकत नाही. परिबल आधी शून्य होते, नंतरही शून्यच. ऑक्सिजनचे तेच. आरगॉनला तर बंधच नाही, मग कंपन कशाचे?

इथे बऱ्याच पुस्तकांत एक चुकीचे वाक्य सापडते: ‘ध्रुवीय रेणू अवरक्त किरण शोषतात.’ कार्बन डायऑक्साइड ध्रुवीय नाही. तो सरळ रेषेत बसलेला रेणू आहे, मधे कार्बन आणि दोन्ही बाजूंना ऑक्सिजन. ऑक्सिजनकडे थोडा ऋण प्रभार, कार्बनकडे थोडा धन. दोन्ही बंधांची परिबले समान आणि विरुद्ध, म्हणून बेरीज शून्य. तरीही हा वायू जोरकसपणे शोषण करतो. महत्त्व परिबल असण्याला नाही, कंपनाबरोबर ते बदलण्याला आहे.

N म्हणजे अणूंची संख्या धरली, तर तीन अणूंच्या सरळ रेणूला 3N − 5 या सूत्राने चार कंपनप्रकार मिळतात. पहिल्यात दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. दोन्ही बंध सारखेच ताणले जात असल्याने बेरीज शून्यावरून हलत नाही, आणि अवरक्त लहरीला हे कंपन हाती लागत नाही. (रामन वर्णपटात मात्र ते दिसते; तिथला नियम वेगळा.) दुसऱ्यात कार्बन एका ऑक्सिजनकडे सरकतो. एक बंध आखूड, दुसरा लांब. तोल बिघडतो आणि रेणूच्या अक्षावर परिबल उमटते. याची तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींची संख्या, 2349 प्रति सेंटिमीटर; तरंगलांबी 4.26 मायक्रोमीटर. उरलेले दोन प्रकार वाकण्याचे: रेणू दोन परस्पर लंब प्रतलांत वाकू शकतो आणि दोन्हींची वारंवारिता एकच आहे. वाकताना कार्बन एका बाजूला आणि दोन्ही ऑक्सिजन दुसऱ्या बाजूला जातात. सरळ रेणूत नसलेले परिबल क्षणात तयार होते आणि अर्ध्या आवर्तनानंतर उलटते. तरंगसंख्या 667, तरंगलांबी 15 मायक्रोमीटर.

ताणण्याचे शोषण ताकदीचे, पण हवामानाच्या हिशेबात बाजी मारते ते वाकण्याचे. पृथ्वीचा पृष्ठभाग सरासरी 288 केल्व्हिन तापमानाचा. अशा वस्तूच्या उत्सर्जनापैकी 5 मायक्रोमीटरपेक्षा आखूड लांबीत जेमतेम एक टक्का ऊर्जा असते. म्हणजे 4.26 मायक्रोमीटरला शोषायला फारसे काही शिल्लकच नाही. 15 मायक्रोमीटर मात्र ऐन प्रवाहात पडते. कार्बन मोनॉक्साइडचे उदाहरण यासाठीच उपयोगी आहे. त्याचे अणू वेगवेगळे, कंपनात परिबल बदलते, शोषणही होते, पण 4.67 मायक्रोमीटरला. म्हणून थेट हरितगृह वायू म्हणून त्याचे वजन नगण्य.

बाकीच्या वायूंना हीच कसोटी लावता येते. मिथेन चतुष्फलकी आणि अध्रुवीय. त्याची नऊ कंपने सममितीमुळे चारच वारंवारितांत गोळा होतात आणि त्यांपैकी दोनच अवरक्तात सक्रिय असतात. हवामानाला महत्त्वाचे ते 7.7 मायक्रोमीटरजवळचे. ओझोन एकाच मूलद्रव्याचा असूनही वाकडा आहे, म्हणून 9.6 मायक्रोमीटरला शोषतो. पाण्याच्या रेणूला कायमचे परिबल आहे. त्याचे वाकणे 6.3 मायक्रोमीटरला शोषण करतेच, शिवाय तो नुसता फिरला तरी परिबलाची दिशा बदलते, त्यामुळे दीर्घ तरंगलांबीचा मोठा पट्टा केवळ फिरण्यावर व्यापला जातो.

शोषलेल्या ऊर्जेचे पुढे काय होते? चित्रांमध्ये रेणू किरण गिळतो आणि तोच परत फेकतो असे दाखवतात. जमिनीलगतच्या हवेत बहुतेक वेळा तसे घडत नाही. वाकलेल्या कार्बन डायऑक्साइडला आपणहून किरण सोडायला सेकंदाच्या प्रमाणात वेळ लागतो, तर शेजारचे रेणू त्याला सेकंदात अब्जावधी वेळा धडकतात. त्या धडकांत ऊर्जा नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या गतीत जाते, म्हणजे हवा तापते. उलट वाटही चालू असते: धडकांनीच काही रेणू वाकू लागतात. 288 केल्व्हिनला कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 7 टक्के रेणू वाकण्याच्या पहिल्या उत्तेजित पातळीवर असतात. त्यांतले थोडे किरण सोडतात, वर आणि खालीही. उत्सर्जन किती होईल हे तिथल्या हवेच्या तापमानावर ठरते, आधी कोणता किरण शोषला होता यावर नाही.

1970 साली निम्बस 4 उपग्रहावरच्या वर्णपटमापकाने हे वरून टिपले. 15 मायक्रोमीटरभोवती उत्सर्जनात खोल खड्डा दिसतो, कारण त्या लांबीचा किरण जमिनीवरून थेट बाहेर पडत नाही. तो वरच्या थंड थरांतून निघालेला असतो. खड्ड्याच्या अगदी मधोमध मात्र एक छोटे टोक वर आलेले असते. 667 ला शोषण इतके तीव्र आहे की तिथून उपग्रहापर्यंत पोचणारे किरण स्थितांबरातून येतात, आणि स्थितांबरात जितके वर जावे तितकी हवा अधिक ऊबदार होत जाते. कार्बन डायऑक्साइड वाढतो तेव्हा हा मध्यभाग आणखी काळवंडत नाही. वाकण्याला फिरण्याची जोड मिळून 667 च्या दोन्ही बाजूंना शेकडो बारीक रेषा पसरलेल्या असतात. खड्डा रुंदावतो तो त्या कडांच्या दुबळ्या रेषांवर.