विद्यार्थ्यांच्या नमुन्यांसाठी एक्सआरडी यंत्राची वेळ मिळण्याबाबत

बडोदे, 12 जानेवारी 2026

प्रति,
माननीय समन्वयक,
मध्यवर्ती उपकरण केंद्र, बडोदे

स. न. वि. वि.

आमच्या एम.एस्सी. अंतिम वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांच्या 9 चूर्ण नमुन्यांसाठी आपल्या पावडर डिफ्रॅक्टोमीटरवर वेळ मिळावी, ही विनंती.

सहा नमुने झिंक ऑक्साइडचे आहेत, 400, 500 आणि 600 अंश सेल्सिअसला भाजलेले, प्रत्येक तापमानाचे दोन. तीन कोबाल्ट फेराइटचे. तांब्याच्या किरणांनी लोह प्रतिदीप्त होते आणि पार्श्वभूमी चढते, म्हणून फेराइटला प्रत्येक पायरीवर 2 सेकंद द्यावेत. झिंक ऑक्साइडला 1 सेकंद पुरे. 2θ 20 ते 80 अंश, पायरी 0.02 अंश. म्हणजे निव्वळ 10 तास, शिवाय नमुने बदलण्याचा वेळ.

सर्व नमुने अगेटच्या खलात बोटांना खर लागणार नाही इतके बारीक घोटले आहेत. प्रत्येकी सुमारे अर्धा ग्रॅम, लेबल लावलेल्या बाटल्यांत. विषारी वा किरणोत्सारी काही नाही.

शेररच्या सूत्राने कणांचा आकार काढायचा, तर यंत्रामुळे येणारी शिखराची रुंदी वजा करावी लागते. त्यासाठी आपल्याकडील प्रमाण सिलिकॉनचा त्याच मांडणीतला आलेख मिळाल्यास फार उपकार होतील. मुलांना यंत्राशेजारी उभे राहून शिखर उमटताना पाहू द्यावे, हीही मनापासून विनंती. आजवर त्यांनी ते फक्त पुस्तकातच पाहिले आहे.

प्रबंध मार्चअखेर द्यायचे असल्याने फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातील तारीख सोयीची. शुल्क महाविद्यालय भरेल.

आपला विश्वासू,
विभागप्रमुख, भौतिकशास्त्र विभाग

सोबत: नमुन्यांची यादी, प्राचार्यांचे संमतिपत्र