कार्बन शृंखलांचे नामकरण आणि समघटकांची मोजणी: घटक चाचणीचे प्रश्न व तपासणीसह उत्तरे

इयत्ता अकरावी, विज्ञान शाखा. विषय: रसायनशास्त्र. वेळ: 40 मिनिटे. एकूण गुण: 20.

सूचना: नामकरणाच्या प्रत्येक उत्तरात निवडलेली मुख्य शृंखला क्रमांक घालून दाखवावी. मोजणीच्या प्रश्नांत नुसता आकडा लिहिल्यास गुण मिळणार नाहीत. प्रत्येक समघटकाचे रचनासूत्र व आयुपॅक नाव द्यावे. चाचणी तपासून झाल्यावर आदर्श उत्तरांसोबत उत्तरपत्रिकांत वारंवार आढळलेल्या चुकाही येथे नोंदवल्या आहेत.

प्रश्न 1. पुढील संयुगाचे आयुपॅक नाव लिहा. (3 गुण)

```
CH3–CH–CH2–CH–CH3
    |      |
    C2H5   CH3
```

उत्तर: 2,4-डायमिथाइलहेक्झेन.

आडव्या ओळीत पाच कार्बन दिसतात, म्हणून बहुतेकांनी पेंटेन हे मूळ नाव धरून 2-इथाइल-4-मिथाइलपेंटेन असे उत्तर लिहिले. कागदावरची आडवी ओळ म्हणजे मुख्य शृंखला नव्हे. प्रश्न काढणारा ती सोयीनुसार वाकवतो. डावीकडच्या CH पासून खाली इथाइल गटात उतरले तर CH3–CH2–CH–CH2–CH–CH3 अशी सहा कार्बनची सलग शृंखला मिळते आणि ओळीच्या डाव्या टोकाचा CH3 हीच शाखा ठरते. उजवीकडून क्रमांक दिल्यास शाखांना 2 आणि 4 हे स्थानांक येतात, दुसऱ्या टोकाकडून 3 आणि 5 येतात, म्हणून पहिला क्रम ग्राह्य. दुसऱ्या कार्बनवर इथाइल आणि मूळ नाव अल्केनचे, असे नाव स्वतःच्या हाताने लिहिले गेले की शृंखला चुकली हे तिथेच ओळखावे, कारण टोकाजवळचा तो इथाइल गट शृंखलेला नेहमीच एका कार्बनने लांबवतो.

प्रश्न 2. पुढील संयुगाचे आयुपॅक नाव लिहा आणि मुख्य शृंखलेची निवड एका वाक्यात स्पष्ट करा. (3 गुण)

```
CH3–CH2–CH2–CH–CH2–CH3
            |
            CH2–OH
```

उत्तर: 2-इथाइलपेंटेन-1-ऑल.

येथे सहा कार्बनची शृंखला खरोखरच आहे, पण क्रियात्मक गट धारण करणारा कार्बन तिच्या बाहेर राहतो. मुख्य क्रियात्मक गट ज्या कार्बनवर आहे तो मुख्य शृंखलेत असलाच पाहिजे, आणि त्या अटीत बसणारी सर्वांत लांब शृंखला पाच कार्बनची आहे. ज्यांनी पहिल्या प्रश्नातील धडा इथे जसाच्या तसा लावला त्यांचे उत्तर 3-हायड्रॉक्सीमिथाइलहेक्झेन असे आले. त्यांची मेहनत दिसते, पण ऑल हा प्रत्ययच नावातून गेल्यामुळे गुण देता आले नाहीत.

दुहेरी बंधाची गोष्ट मात्र वेगळी आहे. CH2=C(C2H5)–C4H9 या अल्कीनला पाठ्यपुस्तकांतील रूढ पद्धतीने 2-इथाइलहेक्झ-1-ईन म्हणतात, तर आयुपॅकच्या 2013 च्या शिफारशींनुसार शृंखलेची लांबी दुहेरी बंधापेक्षा आधी पाहायची असल्याने तेच संयुग 3-मिथिलिडीनहेप्टेन होते. आपल्या परीक्षेत रूढ पद्धतच लिहावी.

प्रश्न 3. पुढील संयुगाचे आयुपॅक नाव व अणुसूत्र लिहा. (4 गुण)

```
           CH3
           |
CH3–C–CH2–C–CH3
    ||     |
    O      OH
```

उत्तर: 4-हायड्रॉक्सी-4-मिथाइलपेंटेन-2-ओन, अणुसूत्र C6H12O2.

अग्रक्रम कार्बोक्झिलिक आम्ल, आल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल असा उतरत जातो, म्हणून कीटोन प्रत्ययात आणि अल्कोहोल हायड्रॉक्सी या उपसर्गात जाते. ओन आणि ऑल हे दोन्ही प्रत्यय एकाच नावात जोडून लिहिलेली उत्तरे सहा-सात तरी होती. क्रमांक कीटोनच्या कार्बनला कमीत कमी यावा असे द्यायचे, म्हणून डावीकडून.

एक चूक मराठीत लिहिणाऱ्यांचीच आहे आणि ती समजण्यासारखी आहे. उपसर्ग वर्णानुक्रमे लिहायचे म्हटल्यावर काहींनी म आधी आणि ह शेवटी या आपल्या क्रमाने मिथाइल हा गट हायड्रॉक्सीच्या आधी घातला. हा वर्णानुक्रम इंग्रजी नावांचा असतो. त्यात एच आधी आणि एम नंतर. डाय, ट्राय ही संख्यादर्शके या क्रमात धरायची नाहीत.

नाव लिहून झाल्यावर त्यातील कार्बन मोजावेत: पेंटेनचे पाच आणि मिथाइलचा एक मिळून सहा. मूळ आकृतीतही सहाच आहेत, म्हणजे कोणतीही शाखा गळालेली नाही. या पडताळणीला दहा सेकंद लागतात.

प्रश्न 4. C4H10O या अणुसूत्राचे सर्व रचना समघटक काढा व त्यांची नावे लिहा. (5 गुण)

उत्तर: एकूण सात, चार अल्कोहोल आणि तीन ईथर.

चार कार्बनच्या संतृप्त संयुगात दहा हायड्रोजन असतात आणि ऑक्सिजनमुळे ही संख्या बदलत नाही. त्यामुळे वलय, दुहेरी बंध किंवा कार्बोनिल गट यांपैकी काहीही संभवत नाही हे आकृती काढण्याआधीच ठरवावे. यानंतर चार कार्बनचे दोन सांगाडे घ्यावेत, सरळ आणि शाखीय. सरळ सांगाड्यात OH साठी दोन वेगळ्या जागा आहेत, टोकाची आणि आतली: ब्युटेन-1-ऑल, ब्युटेन-2-ऑल. शाखीय सांगाड्यातही दोनच: 2-मिथाइलप्रोपेन-1-ऑल, 2-मिथाइलप्रोपेन-2-ऑल.

ईथरसाठी ऑक्सिजन कार्बन-कार्बन बंधात घुसवून पाहावा. सरळ सांगाड्यात टोकाचा बंध आणि मधला बंध असे दोन प्रकारचे बंध आहेत, त्यांतून 1-मिथॉक्सीप्रोपेन आणि इथॉक्सीइथेन मिळतात. शाखीय सांगाड्यातील तिन्ही बंध सारखेच असल्याने 2-मिथॉक्सीप्रोपेन हे एकच मिळते. हेच तिसरे ईथर सर्वाधिक उत्तरांत राहून गेले होते. उलट काहींनी ब्युटेन-3-ऑल हे आठवे संयुग म्हणून काढले होते. ते उलट्या बाजूने वाचलेले ब्युटेन-2-ऑलच आहे. प्रश्नात रचना समघटक असे स्पष्ट म्हटले असल्याने ब्युटेन-2-ऑलची दोन प्रतिबिंब रूपे येथे धरलेली नाहीत.

प्रश्न 5. 2-मिथाइलब्युटेनमधील एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आल्यास किती रचना समघटक मिळतील? अवकाशीय समघटक धरल्यास एकूण किती? (5 गुण)

उत्तर: रचना समघटक चार, अवकाशीय समघटक धरून एकूण सहा.

कार्बन पाच म्हणून उत्पादिते पाच, हा हिशोब चुकीचा आहे, कारण एकाच कार्बनला जोडलेले दोन मिथाइल गट समतुल्य आहेत. या दोन गटांतील सहा हायड्रोजन एका प्रकारचे, CH मधील एक दुसऱ्या, CH2 मधील दोन तिसऱ्या आणि दुसऱ्या टोकाच्या CH3 मधील तीन चौथ्या प्रकारचे. बेरीज बारा येते आणि C5H12 शी जुळते. याच क्रमाने 1-क्लोरो-2-मिथाइलब्युटेन, 2-क्लोरो-2-मिथाइलब्युटेन, 2-क्लोरो-3-मिथाइलब्युटेन आणि 1-क्लोरो-3-मिथाइलब्युटेन ही संयुगे मिळतात. पहिल्या आणि तिसऱ्या संयुगात एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले आहेत, म्हणून त्यांची प्रत्येकी दोन रूपे होतात. उरलेल्या दोघांचे प्रत्येकी एकच. तिसऱ्या संयुगाला 3-क्लोरो-2-मिथाइलब्युटेन असे नाव दिलेल्यांचा अर्धा गुण कापला आहे: दोन्ही टोकांकडून स्थानांक 2 आणि 3 हेच येतात, आणि अशा बरोबरीत वर्णानुक्रमे आधी येणाऱ्या क्लोरोला लहान क्रमांक मिळतो.